बजेटच्या रुपयातले २० पैसे व्याजाला जातात, पण कोणत्या रुपयातले?

पाय चार्टमधला टक्का आणि लाइन ग्राफमधली एकूण रक्कम यांचा गुणाकार केला की उत्तर मिळायला हवे. केंद्रीय अर्थसंकल्पात हे उत्तर थेट अडीच लाख कोटींहून अधिक रकमेने चुकते. असे का होते आणि दोन आलेख एकत्र कसे वाचायचे, समजून घेऊया.

दरवर्षी १ फेब्रुवारीच्या दुपारी प्रत्येकाच्या मोबाइलवर दोन चित्रे हमखास येतात. पहिले चित्र म्हणजे नाण्यासारखा गोल. त्यावर लिहिलेले असते, ‘रुपया असा येतो, रुपया असा जातो’. शाळेच्या पुस्तकात ज्याला वृत्तालेख म्हणायचो तो हा पाय चार्ट. दुसरे चित्र म्हणजे वर चढत जाणारी रेघ. गेल्या काही वर्षांत केंद्र सरकारचा एकूण खर्च कसा वाढला, हे ती दाखवते.

पहिल्या चित्रात वाटा कळतो, रक्कम कळत नाही. दुसऱ्यात रक्कम कळते, वाटा कळत नाही. त्यामुळे दोन्ही समोर ठेवून हिशेब करण्याचा मोह होतो. एका चित्रातला टक्का घ्यायचा, दुसऱ्यातली रक्कम घ्यायची आणि गुणाकार करायचा. बँकेच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांत हेच शिकवले जाते आणि तिथे ते बरोबरही असते. मात्र खऱ्या आकडेवारीत हा गुणाकार करण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. पाय चार्टमधले १०० टक्के आणि रेघेवरचा आकडा, ही दोन्ही एकाच गोष्टीची बेरीज आहे का?

हिशेब नेमका कुठे फसतो?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचे उदाहरण घेऊ. ‘रुपया असा जातो’ या पाय चार्टमध्ये व्याजासाठी २० पैशांचा तुकडा आहे. म्हणजे २० टक्के. खर्चाच्या रेघेवर २०२५-२६ चा बिंदू आहे ५०.६५ लाख कोटी रुपयांवर.

आता गुणाकार करा. ५०.६५ चे २० टक्के म्हणजे १०.१३ लाख कोटी. सरकार त्या वर्षी १०.१३ लाख कोटी रुपये व्याज भरणार, असा निष्कर्ष निघतो.

पण त्याच अर्थसंकल्पाच्या तक्त्यात व्याजाची तरतूद स्वतंत्रपणे छापलेली आहे आणि ती आहे १२.७६ लाख कोटी रुपये. आपल्या उत्तरात तब्बल २.६३ लाख कोटींची तूट आली. ही रक्कम किती मोठी आहे? खते आणि अन्नधान्य या दोन्ही अनुदानांपैकी मोठे आहे ते अन्न अनुदान. त्याची त्या वर्षीची तरतूद सुमारे २.०३ लाख कोटी होती. म्हणजे आपल्या गुणाकारातली चूक संपूर्ण अन्न अनुदानापेक्षा मोठी आहे.

उलट दिशेने पाहिले तर १२.७६ ला ५०.६५ ने भागल्यावर २५ टक्के येतात. मग पाय चार्टमध्ये २० पैसे कसे? चार्ट चुकीचा छापला का? नाही. रेघेवरचा आकडाही बरोबर आहे. दोन्ही चित्रे खरी आहेत, फक्त त्यांचा ‘एकूण’ वेगळा आहे.

पाय चार्टचा रुपया मोठा कसा?

केंद्र सरकार आयकर, कंपनी कर, जीएसटी, अबकारी असे कर गोळा करते. पण ते सगळे पैसे केंद्राचे नसतात. वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने हा वाटा ४१ टक्के ठरवला. तो उपकर आणि अधिभार वगळून उरलेल्या करातून काढला जातो. २०२५-२६ साठी राज्यांच्या वाट्याचा अंदाज १४.२२ लाख कोटी रुपये होता.

केंद्राच्या हिशेबात ही रक्कम उत्पन्नातूनच वजा केली जाते. राज्यांचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि उरलेले केंद्राचे उत्पन्न मानायचे, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे ५०.६५ लाख कोटींच्या एकूण खर्चात हे १४.२२ लाख कोटी धरलेलेच नाहीत. खर्चाची रेघ काढताना जो आकडा वापरतात, तो हाच.

पाय चार्टमध्ये मात्र ‘करांमधील राज्यांचा वाटा’ असा २२ पैशांचा स्वतंत्र तुकडा दिसतो. गोळ्यातला तो सगळ्यात मोठा तुकडा आहे. म्हणजे पाय चार्टचा रुपया हा राज्यांचा वाटा धरून केलेला रुपया आहे. ५०.६५ अधिक १४.२२ म्हणजे सुमारे ६४.८८ लाख कोटी, हा त्या गोळ्याचा खरा ‘एकूण’. आता १२.७६ ला ६४.८८ ने भागा. १९.७ टक्के येतात. पूर्णांकात केले की २० पैसे. राज्यांच्या वाट्याचेही तसेच. १४.२२ भागिले ६४.८८ म्हणजे २१.९ टक्के, म्हणजेच २२ पैसे. कोडे सुटले.

पगाराच्या उदाहरणाने हे आणखी स्पष्ट होईल. समजा पगार ६० हजार आहे आणि त्यातले १२ हजार खात्यात येण्याआधीच कापले जातात. हातात येतात ४८ हजार. घरभाडे १२ हजार आहे. भाडे पगाराच्या किती टक्के? पूर्ण पगार धरला तर २०, हातातला पगार धरला तर २५. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण पगाराच्या पावतीवरून २० टक्के घेऊन ते बँकेत जमा झालेल्या ४८ हजारांना लावले, तर भाडे ९,६०० रुपये येईल. तेवढे भाडे कोणीच भरत नाही.

हे वाचकाला ओळखता कसे येईल?

अर्थसंकल्पाच्या मूळ कागदपत्रात, म्हणजे ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ या पुस्तिकेत, पाय चार्टखाली बारीक अक्षरात टीप असते. एकूण रकमेत राज्यांचा वाटा समाविष्ट आहे, असे ती सांगते. अडचण अशी की मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रात गोळा तेवढा येतो. टीप कापली गेलेली असते.

टीप हाताशी नसली तरी एक सोपी तपासणी करता येते. गोळ्यातल्या एखाद्या तुकड्याची खरी रक्कम दुसरीकडून मिळवायची आणि तिला त्या तुकड्याच्या टक्क्याने भागायचे. उत्तर येईल ते गोळ्याचे खरे ‘एकूण’.

व्याजाचेच पाहू. रक्कम १२.७६ लाख कोटी, तुकडा २० पैसे. १२.७६ भागिले ०.२० म्हणजे ६३.८ लाख कोटी. तुकडा पूर्णांकात केलेला आहे, त्यामुळे खरा टक्का १९.५ ते २०.५ यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. ती मोकळीक दिली तर गोळ्याचे एकूण ६२.३ ते ६५.४ लाख कोटींच्या दरम्यान असायला हवे. रेघेवरचा ५०.६५ चा आकडा या पट्ट्यात कुठेच बसत नाही. ६४.८८ मात्र बरोबर बसतो. एकाच भागाकारात कळले की ही दोन चित्रे जशीच्या तशी गुणता येणार नाहीत.

एक खूण तर हिशेबाशिवायही दिसते. गोळ्यात असा एखादा तुकडा आहे का, जो रेघेच्या शीर्षकात बसत नाही? रेघेचे शीर्षक ‘केंद्राचा खर्च’ असेल आणि गोळ्यात ‘राज्यांचा वाटा’ असेल, तर तिथेच थांबायला हवे.

तुकडा लहान झाला म्हणजे रक्कम कमी झाली का?

दोन वर्षांचे गोळे शेजारी ठेवले की दुसरा गोंधळ सुरू होतो. २०२४-२५ च्या (जुलैमध्ये मांडलेल्या) अर्थसंकल्पात ‘रुपया असा येतो’ या गोळ्यात कर्ज आणि इतर देणी यांचा तुकडा २७ पैशांचा होता. पुढच्या वर्षी तो २४ पैशांवर आला. तीन पैशांनी कमी. २७ च्या तुलनेत ही घट ११ टक्क्यांची आहे. ‘सरकारची उधारी ११ टक्क्यांनी घटली’ असे वाक्य यावरून सहज तयार होते.

पण दोन्ही गोळे एकाच आकाराचे काढलेले असले, तरी त्यांचे रुपये सारखे नाहीत. २०२४-२५ च्या गोळ्याचे एकूण होते सुमारे ६०.६८ लाख कोटी, पुढच्या वर्षीच्या गोळ्याचे ६४.८८ लाख कोटी. रुपया स्वतःच सुमारे ७ टक्क्यांनी मोठा झाला. मोठ्या भाकरीचा लहान तुकडा आणि लहान भाकरीचा मोठा तुकडा यांची तुलना नुसते कोन पाहून करता येत नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना इथली छोटी युक्ती माहीत असेल. एका कंपनीची विक्री पहिल्या वर्षी ४०० कोटी आणि दुसऱ्या वर्षी ५०० कोटी आहे, असे लाइन ग्राफ सांगतो. पाय चार्टनुसार एका मालाचा वाटा पहिल्या वर्षी ३० टक्के, दुसऱ्या वर्षी २६ टक्के. त्या मालाची विक्री वाढली की घटली? दोन गुणोत्तरांचा गुणाकार करा. एकूण विक्री १.२५ पट झाली, वाटा ०.८६७ पट झाला, गुणाकार १.०८३. म्हणजे वाटा घसरूनही विक्री सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. पडताळा घ्यायचा तर ४०० चे ३० टक्के १२० कोटी आणि ५०० चे २६ टक्के १३० कोटी.

हीच युक्ती सरकारी उधारीला लावू. गोळ्याचे एकूण १.०६९ पट झाले, तुकडा २४ भागिले २७ म्हणजे ०.८८९ पट. गुणाकार ०.९५. म्हणजे घट ११ टक्क्यांची नसून साधारण ५ टक्क्यांची दिसते. उत्तराच्या आपण जवळ आलो, पण अजून पोहोचलो नाही. वित्तीय तुटीचे मूळ आकडे पाहिले तर २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात १६.१३ लाख कोटी आणि पुढच्या वर्षी १५.६९ लाख कोटी होते. खरी घट पावणेतीन टक्क्यांच्या आसपासच आहे.

मग उरलेला फरक कुठून आला?

पैशांच्या पूर्णांकातून. २०२४-२५ चा तुकडा प्रत्यक्षात २६.६ टक्के होता, तो २७ झाला. पुढच्या वर्षीचा २४.२ टक्के होता, तो २४ झाला. पहिला वर ढकलला गेला, दुसरा खाली. दोन्हींमधले अंतर २.४ चे ३ झाले.

अर्ध्या पैशाने काय बिघडते, असे वाटू शकते. पण या गोळ्यातला एक पैसा म्हणजे सुमारे ६५ हजार कोटी रुपये. त्यामुळे गोळ्यावरून काढलेली कोणतीही रक्कम दोन्ही बाजूंना ३२ हजार कोटींपर्यंत हलू शकते. मोठ्या तुकड्यात हे फारसे जाणवत नाही, लहान तुकड्यात जाणवते.

अनुदानांचा तुकडा याचे चांगले उदाहरण आहे. तो दोन्ही वर्षी ६ पैशांचाच होता. चित्र पाहणाऱ्याला वाटेल, काहीच बदलले नाही. प्रत्यक्षात प्रमुख अनुदानांची रक्कम ३.८१ वरून ३.८३ लाख कोटींवर गेली, म्हणजे किंचित वाढली. त्याच वेळी गोळ्यातला तिचा वाटा ६.३ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर उतरला. रक्कम वर, वाटा खाली आणि चित्रात दोन्ही वर्षी तेच ६ पैसे. परीक्षेतल्या पाय चार्टमध्ये टक्के नेमके दिलेले असतात, म्हणून तिथली युक्ती नेमके उत्तर देते. बातमीतल्या पाय चार्टमधून मिळतो तो अंदाज. एका पैशाच्या चढउतारावरून ‘वाढ’ किंवा ‘कपात’ असा मथळा करणे म्हणूनच धोक्याचे असते.

तुकड्याच्या नावात काय काय असते?

‘एकूण’ जुळवले, पूर्णांकांची मोकळीक दिली, तरी एक गोष्ट उरते. तुकड्यावर लिहिलेले नाव आणि रेघेवर लिहिलेले नाव सारखे दिसले तरी आतला माल वेगळा असू शकतो.

संरक्षणाचा तुकडा २०२५-२६ मध्ये ८ पैशांचा होता. पण अर्थसंकल्पाच्या दिवशी बातम्यांत आकडा आला ६.८१ लाख कोटींचा, ‘एकूण बजेटच्या १३ टक्क्यांहून अधिक’. आठ कुठे आणि तेरा कुठे?

यात दोन कारणे एकत्र आली आहेत. पहिले आपल्याला माहीत झालेच आहे. १३ टक्के हे ५०.६५ लाख कोटींचे आहेत आणि ८ पैसे हे ६४.८८ चे. पण तेवढ्याने भागत नाही, कारण ६.८१ ला ६४.८८ ने भागले तरी १०.५ टक्के येतात. दुसरे कारण पेन्शनचे आहे. ६.८१ लाख कोटी ही संपूर्ण संरक्षण मंत्रालयाची तरतूद आहे आणि तिच्यात माजी सैनिकांच्या पेन्शनचे सुमारे १.६१ लाख कोटी येतात. पाय चार्टमध्ये पेन्शनचा तुकडा वेगळा आहे, ४ पैशांचा. सैनिकांची पेन्शन त्यात गेली. मंत्रालयाचा सुमारे २९ हजार कोटींचा नागरी खर्चही संरक्षणाच्या तुकड्यात नाही. हे दोन्ही वजा केल्यावर उरतात ४.९२ लाख कोटी. त्याला ६४.८८ ने भागले की ७.६ टक्के, म्हणजे ८ पैसे.

संरक्षण मंत्रालयाच्या तरतुदीची रेघ आणि संरक्षणाचा तुकडा एकमेकांशी जोडायचे असतील, तर आधी पेन्शन कोणत्या बाजूला आहे हे पाहावे लागते.

रेघेवरचा बिंदू कोणत्या जातीचा?

लाइन ग्राफचीही एक खोच आहे. एकाच रेघेवर तीन प्रकारचे आकडे जोडलेले असतात. जुन्या वर्षांचे आकडे प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचे असतात. चालू वर्षाचा आकडा सुधारित अंदाज असतो आणि पुढच्या वर्षाचा नुसता अर्थसंकल्पीय अंदाज. २०२३-२४ चा ४४.४३ लाख कोटींचा खर्च झालेला होता. २०२५-२६ चे ५०.६५ लाख कोटी हे ठरवलेले होते.

मधल्या २०२४-२५ चे दोन आकडे सापडतात. जुलै २०२४ मध्ये अंदाज होता ४८.२१ लाख कोटींचा, फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुधारून ४७.१६ लाख कोटी झाला. फेब्रुवारीनंतर काढलेल्या रेघेवर दुसरा आकडा दिसतो. पण त्या वर्षाचा जो पाय चार्ट आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे, तो जुलैचा, म्हणजे पहिल्या आकड्याच्या वेळचा आहे. वर्ष तेच, शीर्षक तेच, तरी गोळा आणि बिंदू वेगवेगळ्या दिवसांचे आहेत. यात एक लाख कोटींहून अधिक फरक पडतो.

एकच रक्कम, तीन टक्के

शेवटी एक आकडा तीन चित्रांत कसा दिसतो ते पाहू. २०२५-२६ ची वित्तीय तूट १५.६९ लाख कोटी रुपये ठरवली होती. ‘रुपया असा येतो’ या गोळ्यात ती २४ पैसे आहे, कारण तिथला आधार ६४.८८ लाख कोटींचा आहे. केंद्राच्या खर्चाशी तुलना केली तर ती ३१ टक्के होते, कारण आधार ५०.६५ लाख कोटी झाला. आणि तुटीची जी प्रसिद्ध रेघ सगळीकडे छापली जाते, तिच्यावर हीच तूट ४.४ टक्क्यांवर असते. तिथला आधार आहे देशाचे सकल उत्पादन, म्हणजे जीडीपी. अर्थसंकल्पाने तो सुमारे ३५७ लाख कोटी धरला होता.

‘उधारी २४ टक्के’ आणि ‘तूट ४.४ टक्के’ या दोन ओळी एकाच दिवशी, एकाच बातमीत वाचायला मिळतात आणि दोन्ही एकाच रकमेबद्दल असतात.

दोन आलेख गुणण्याआधी काय तपासायचे?

१. गोळ्याचे १०० टक्के कशाचे? रेघेच्या शीर्षकात न बसणारा तुकडा गोळ्यात आहे का, ते पाहा.

२. एका तुकड्याची खरी रक्कम मिळवून तिला टक्क्याने भागा. येणारे एकूण रेघेवरच्या आकड्याच्या जवळ नसेल, तर गुणाकार करू नका.

३. वर्षासोबत आकड्याचा प्रकार जुळवा. अर्थसंकल्पीय अंदाजाचा गोळा सुधारित अंदाजाच्या बिंदूशी जोडू नका.

४. तुकड्याच्या नावात काय धरले आहे आणि काय वगळले आहे, ते पाहा.

५. टक्के पूर्णांकात असतील, तर उत्तरही ‘सुमारे’ असेच सांगा. तुकड्यात एकाच पैशाचा फरक असेल, तर रक्कम वाढली की घटली हे मूळ तक्त्यातूनच पाहा.

अर्थसंकल्पाची मूळ पुस्तिका अर्थ मंत्रालयाच्या बजेट संकेतस्थळावर मोफत उपलब्ध असते. फोनवर आलेले चित्र पुढे पाठवण्याआधी त्या पुस्तिकेतला गोळा उघडून त्याखालची बारीक टीप वाचली, तर वरच्या पाचपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते.